एका थेंबात बदलणारा रंग

बाजारातल्या पांढऱ्या व्हिनेगरच्या बाटलीवर बहुधा ४ टक्के ॲसिटिक आम्ल असल्याचे छापलेले असते. हा दावा खरा आहे का, हे कॉलेजच्या साध्या प्रयोगशाळेतही तपासता येते. व्हिनेगर मोजून विरळ करायचे, ब्युरेटमधून त्यात सोडियम हायड्रॉक्साइडचे द्रावण थेंब थेंब सोडायचे आणि दर्शकाचा रंग बदलला की थांबायचे. या कृतीला अनुमापन किंवा टायट्रेशन म्हणतात.

आता समजा, फिनॉल्फ्थॅलीनची बाटली संपली आहे म्हणून कुणी मिथिल ऑरेंजचे दोन थेंब टाकले. तोही आम्ल ओळखणारा, प्रयोगशाळेत रोज वापरला जाणारा दर्शक आहे. त्याचा रंग पूर्ण पिवळा झाल्यावर थांबून हिशेब केला, तर त्याच व्हिनेगरमध्ये ॲसिटिक आम्ल फक्त १.२ टक्के निघते. ब्युरेट अचूक, द्रावणे अचूक, गणितही अचूक असते आणि तरी प्रामाणिक व्यापारी भेसळखोर ठरतो. चूक कुठे झाली, हे शब्दांत सांगण्यापेक्षा आलेखावर चटकन दिसते. तो आलेख म्हणजे सौम्य आम्लाचा अनुमापन वक्र. तो काढायला ग्राफपेपर, पेन्सिल आणि पाच-सहा बिंदू पुरतात.

आकडे सोपे राहावेत म्हणून १५ मिलिलिटर व्हिनेगर पाणी घालून १०० मिलिलिटर करू. बाटली खरोखर ४ टक्क्यांची असेल, तर या विरळ द्रावणात लिटरमागे ०.१ मोल ॲसिटिक आम्ल असेल. त्यातले २५ मिलिलिटर पिपेटने शंकूपात्रात घेऊ. ब्युरेटमध्ये सोडियम हायड्रॉक्साइडही लिटरमागे ०.१ मोलचेच ठेवू. दोघांची तीव्रता सारखी असल्यामुळे २५ मिलिलिटर आम्ल पूर्ण संपवायला २५ मिलिलिटर अल्क लागेल. जिथे आम्ल आणि अल्क यांचे प्रमाण बरोबर जुळते तो समतुल्यता बिंदू. त्याच्या निम्म्या वाटेवर, म्हणजे १२.५ मिलिलिटरला, अर्धसमतुल्यता बिंदू.

ग्राफपेपरवर आडव्या अक्षावर ० ते ४० मिलिलिटर आणि उभ्या अक्षावर ० ते १४ सामू घेऊ. सामू ही मोजपट्टी १९०९ साली सोरेन्सेन या रसायनशास्त्रज्ञाने कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत मांडली. द्रावणातले हायड्रोजन आयन दहापट घटले की सामू एकने वाढतो, एवढे ध्यानात ठेवले तरी पुढचे सगळे समजते. वक्र काढण्याआधी १२.५ आणि २५ या आकड्यांवर दोन उभ्या तुटक रेषा मारून घेऊ. सगळा वक्र या दोन रेषांच्या आधाराने उभा राहतो.

पहिला बिंदू सुरुवातीचा, अल्काचा एकही थेंब पडण्याआधीचा. आम्ल तीव्र असते, म्हणजे याच तीव्रतेचे हायड्रोक्लोरिक आम्ल घेतले असते, तर त्याचा प्रत्येक रेणू पाण्यात फुटून सामू १ असता. ॲसिटिक आम्ल मात्र सौम्य आहे. शंभरातल्या जेमतेम एका रेणूने आपला हायड्रोजन सोडलेला असतो, उरलेले रेणू अखंड राहतात. त्यामुळे सामू २.८८ येतो. आम्लाचे एकूण प्रमाण दोन्हीकडे सारखे आहे, पण मोकळे हायड्रोजन आयन खूप कमी आहेत. हा फरक नीट समजणे गरजेचे आहे. सामू फक्त मोकळे आयन पाहतो, तर अनुमापन अखंड रेणूंनाही मोजते, कारण अल्क पुढे सरकत जाते तसे तेही आपला हायड्रोजन देत जातात.

अल्क पडू लागले की सामू आधी थोडा झपाट्याने वर जातो. पहिल्या अडीच मिलिलिटरमध्येच तो २.८८ वरून ३.८ पर्यंत येतो. कारण असे की, सुरुवातीला द्रावणात ॲसिटेट आयन जवळपास नव्हते. अल्काने आम्लाच्या काही रेणूंचे ॲसिटेटमध्ये रूपांतर केले आणि या नव्या ॲसिटेटमुळे उरलेल्या आम्लाचे फुटणे आणखी दबले. मोकळे हायड्रोजन आयन म्हणूनच एकदम घटले. वक्राच्या सुरुवातीचा हा छोटा चढ सौम्य आम्लाची खूण आहे. तीव्र आम्लाच्या वक्रात तो दिसत नाही, तिथे रेघ सुरुवातीपासून सपाट निघते.

त्यानंतर वक्र संथ होतो. आता द्रावणात आम्लाचे अखंड रेणू आणि ॲसिटेट आयन दोन्ही भरपूर आहेत. वरून पडणारा हायड्रॉक्साइड आयन आम्लाच्या रेणूकडून हायड्रोजन घेतो आणि पाणी बनून जातो. द्रावणात फरक पडतो तो एवढाच की आम्लाचा एक रेणू कमी झाला आणि एक ॲसिटेट आयन वाढला. सामू या दोघांच्या गुणोत्तरावर ठरतो आणि दोन्ही मोठ्या संख्येने असताना एकाची घट, एकाची वाढ यांनी गुणोत्तर फारसे हलत नाही. म्हणूनच १० मिलिलिटरला सामू ४.५८ असतो आणि आणखी ५ मिलिलिटर ओतल्यावरही तो ४.९४ पर्यंतच चढतो. सामू असा धरून ठेवणाऱ्या मिश्रणाला बफर म्हणतात. हे नाते अमेरिकेतल्या हेंडरसन यांनी १९०८ साली मांडले आणि डेन्मार्कच्या हासेलबाल्ख यांनी १९१६ साली त्याला सामूच्या भाषेत बसवले:

pH = pKa + log([A⁻]/[HA])

यात HA म्हणजे अखंड आम्ल, A⁻ म्हणजे त्यापासून झालेला आयन आणि pKa हा त्या आम्लाचा स्वतःचा, कायमचा आकडा. ॲसिटिक आम्लासाठी तो ४.७६ आहे. आकडा जितका मोठा, तितके आम्ल सौम्य.

आता पहिल्या तुटक रेषेपाशी, १२.५ मिलिलिटरवर थांबू. बरोबर निम्म्या आम्लाचे ॲसिटेट झाले आहे, म्हणजे दोघांचे प्रमाण सारखे. गुणोत्तर १ आणि १ चा लॉगॅरिदम शून्य, म्हणून सूत्रात एकच पद उरते आणि सामू pKa इतका येतो, ४.७६. इथे वक्र सर्वांत आडवा असतो. या बिंदूची मौज अशी की आम्ल किती घेतले याच्याशी त्याच्या उंचीचा संबंध नाही. व्हिनेगर दुप्पट पाणी घालून विरळ केले तर समतुल्यता बिंदू २५ वरून अलीकडे सरकेल, अर्धा बिंदूही त्याच्याबरोबर डावीकडे जाईल, पण त्याची उंची ४.७६ पाशीच राहील. आम्ल कोणते आहे हे वक्राच्या या मधल्या भागात वाचायचे आणि आम्ल किती आहे हे पुढच्या उभ्या भागात.

हाताने वक्र काढताना याच सूत्राचा आणखी एक फायदा घेता येतो. ॲसिटेट आणि आम्ल यांचे प्रमाण एकास दहा असेल तेव्हा सामू pKa पेक्षा एकने कमी, दहास एक असेल तेव्हा एकने जास्त. आपल्या प्रयोगात हे साधारण २.३ आणि २२.७ मिलिलिटरला घडते. म्हणजे ३.७६, ४.७६ आणि ५.७६ असे तीन बिंदू काही न मोजता मिळाले. त्यांतून जाणारी मंद चढाची रेघ हा बफरचा पट्टा. अल्काच्या एकूण २५ मिलिलिटरपैकी २० हून अधिक मिलिलिटर या एकाच पट्ट्यात खर्च होतात.

पट्टा संपला की चढ अचानक उभा होतो. २४ मिलिलिटरला सामू ६.१४ असतो आणि २४.९ ला ७.१६. त्यानंतर ०.२ मिलिलिटर अल्क पडते, म्हणजे ब्युरेटचे जेमतेम चार थेंब, आणि २५.१ मिलिलिटरला सामू १०.३ वर गेलेला असतो. मघाशी ५ मिलिलिटरमध्ये अर्धा एककही न हललेला सामू आता चार थेंबांत तीन एककांहून जास्त उडतो. आम्लाचे रेणू आता मोजकेच उरले आहेत, त्यामुळे एकेका थेंबाने ॲसिटेट आणि आम्लाचे गुणोत्तर कितीतरी पटींनी बदलते आणि आम्ल संपताच नवे हायड्रॉक्साइड आयन मोकळेच राहतात.

या उभ्या भागाच्या मध्यावर, बरोबर २५ मिलिलिटरला, सामू किती असावा? आम्ल आणि अल्क एकमेकांना पुरे पडले, म्हणजे द्रावण उदासीन आणि सामू ७, असे उत्तर अनेक जण सहज देतात. तीव्र आम्लाबाबत ते बरोबर आहे. इथे मात्र सामू ८.७३ असतो. या क्षणी पात्रात पाणी, सोडियम आयन आणि ॲसिटेट आयन आहेत. ॲसिटेट हा सौम्य आम्लातून उरलेला आयन, आणि हायड्रोजन परत घेण्याकडे त्याचा थोडा कल असतो. तो पाण्याच्या रेणूकडून हायड्रोजन घेतो आणि मागे हायड्रॉक्साइड आयन ठेवतो. असे घडण्याचे प्रमाण अत्यल्प असते, पण द्रावण अल्कधर्मी व्हायला तेवढे पुरते. सौम्य आम्ल आणि तीव्र अल्क यांचा समतुल्यता बिंदू म्हणूनच नेहमी ७ च्या वर येतो, आणि आम्ल जितके सौम्य तितका तो वर सरकतो.

पुढचा भाग लवकर आटोपतो. आता फक्त जास्तीचे अल्क साचत जाते, ३० मिलिलिटरला सामू सुमारे १२ आणि त्यानंतर वक्र हळूहळू आडवा होत १२.५ कडे झुकतो. या भागाला कोणते आम्ल होते याच्याशी देणेघेणे नाही, तीव्र आम्लाचा वक्रही इथे येऊन याच रेघेत मिसळतो.

वक्र तयार झाला. आता त्यावर दर्शक ठेवून पाहू. दर्शक हे स्वतःच सौम्य आम्ल किंवा सौम्य अल्क असतात. त्यांच्या रेणूचा हायड्रोजन असतानाचा रंग एक आणि गेल्यावरचा दुसरा. त्यांचाही स्वतःचा pKa असतो आणि त्याच्या आसपास, साधारण दोन एककांच्या पट्ट्यात, डोळ्यांना रंग पालटताना दिसतो. दर्शकाचे दोनच थेंब टाकतात त्यामागचे एक कारण हेच आहे, जास्त टाकले तर तो स्वतःच अल्क खाऊ लागेल.

मिथिल ऑरेंजचा पट्टा ३.१ ते ४.४. आलेखावर या दोन सामूंपासून आडव्या रेषा काढा. त्या वक्राला अर्ध्या मिलिलिटरच्याही अलीकडे आणि साधारण ७.६ मिलिलिटरला छेदतात. म्हणजे रंग पालटायला पहिल्या थेंबांपासूनच सुरुवात होते, तो सात मिलिलिटरभर तांबड्यापासून नारिंगीतून पिवळ्याकडे रेंगाळत जातो आणि तो पूर्ण पिवळा होतो तेव्हा आम्लाचे दोन-तृतीयांशांहून अधिक रेणू अजून अखंड असतात. सुरुवातीचे १.२ टक्के आले ते इथून, २५ मध्ये ७.६ हे जे प्रमाण, तेच ४ मध्ये १.२ चे. मिथिल ऑरेंजने आपले काम चोख केले होते. सामू ४.४ झाल्याचे त्याने बरोबर सांगितले, पण त्या क्षणी आम्ल संपलेले नव्हते.

फिनॉल्फ्थॅलीनचा पट्टा साधारण ८.२ ते १०. त्या दोन आडव्या रेषा वक्राला २४.९९ आणि २५.०५ मिलिलिटरला छेदतात. रंगहीनपासून गुलाबीपर्यंतचा सगळा पालट एका थेंबाइतक्या अंतरात उरकतो. फिकट गुलाबी कुणाला ८.५ ला दिसेल, कुणाला ९.३ ला. डोळ्यांचा हा फरक सामूत जवळपास एक एककाचा असला तरी अल्काच्या मापात तो थेंबाहून कमी भरतो. हेच मोजमाप बफरच्या पट्ट्यात केले असते, तर अर्ध्या एककाच्या फरकाने सहा-सात मिलिलिटरची चूक झाली असती. दर्शक निवडायचा तो याच नियमाने, त्याचा रंग पालटण्याचा पूर्ण पट्टा वक्राच्या उभ्या भागात बसला पाहिजे. थायमॉल ब्लूचा ८ ते ९.६ हा पट्टाही इथे चालतो.

खरी परीक्षा पाहतो तो ब्रोमोथायमॉल ब्लू. त्याचा पट्टा ६ ते ७.६, ७ त्याच्या आतच येतो, म्हणून उदासीनीकरणासाठी तोच योग्य असे वाटू शकते. एका बाटलीचे उदाहरण घेऊन पाहू. वर सांगितल्याप्रमाणे विरळ केलेल्या २५ मिलिलिटरला फिनॉल्फ्थॅलीन वापरून २४ मिलिलिटर अल्क लागले. २४ ला ०.१ ने गुणून २५ ने भागले की विरळ द्रावणाची तीव्रता येते, लिटरमागे ०.०९६ मोल. मूळ व्हिनेगर १५ चे १०० केले होते, म्हणून त्याची तीव्रता ०.६४ मोल. ॲसिटिक आम्लाचा एक मोल ६० ग्रॅमचा, म्हणून लिटरमागे ३८.४ ग्रॅम, अर्थात ३.८४ टक्के. भारतातल्या अन्नसुरक्षा नियमांप्रमाणे व्हिनेगरमध्ये किमान ३.७५ टक्के आम्ल हवे, म्हणजे बाटली पात्र आहे. आता हेच काम ब्रोमोथायमॉल ब्लूने केले आणि पिवळ्यात हिरवट झाक दिसताच, सामू ६.२ च्या सुमारास थांबलो, तर मोजमाप सुमारे २३.२ मिलिलिटरवर तुटते आणि उत्तर ३.७ टक्के येते. पात्र बाटली अपात्र ठरते. हिरव्या-निळ्यापर्यंत थांबल्यास चूक कमी होते, पण कोणत्या छटेवर थांबायचे हे डोळ्यांवर सोपवावे लागते, आणि तेच टाळायचे असते.

योग्य दर्शक घेऊनही दोन गोष्टी हमखास गोंधळ घालतात. पहिली म्हणजे गुलाबी रंग आला आणि थोड्या वेळाने गेला. पात्र हलवताना हवेतला कार्बन डायऑक्साइड द्रावणात विरघळतो, त्याचे आम्ल बनते आणि सामू पुन्हा खाली येतो. म्हणून पहिली फिकट गुलाबी छटा हलवूनही साधारण अर्धा मिनिट टिकली की थांबायचे, रंग पुन्हा पुन्हा आणत अल्क घालत राहायचे नाही. दुसरी गोष्ट ब्युरेटमधल्या अल्काची. उघड्या बाटलीतले सोडियम हायड्रॉक्साइड तोच कार्बन डायऑक्साइड शोषून अंशतः कार्बोनेट बनते. फिनॉल्फ्थॅलीनच्या पट्ट्यात कार्बोनेटची निम्मीच ताकद कामी येते, त्यामुळे अल्क जास्त लागते आणि व्हिनेगर आहे त्याहून तीव्र भासते. उपाय दोन आहेत. द्रावणासाठी उकळून गार केलेले पाणी वापरायचे आणि अल्काची तीव्रता लेबलावरून न घेता पोटॅशियम हायड्रोजन थॅलेटच्या वजन केलेल्या नमुन्यावर, फिनॉल्फ्थॅलीननेच, ताडून घ्यायची. माल्ट व्हिनेगरसारखा गडद नमुना असेल तर गुलाबी छटाच दिसत नाही. तो जास्त विरळ करावा लागतो किंवा दर्शक सोडून सामूमापक वापरावा लागतो.

सामूमापक असेल तर पूर्ण वक्रच हाती येतो. ४ आणि ७ सामूच्या बफर द्रावणांवर, आणि वरचा भागही हवा असेल तर ९.२ च्या बफरवरही, तो आधी जुळवून घ्यायचा. सुरुवातीला दर दोन मिलिलिटरला नोंद पुरते, चढ उभा होऊ लागला की ०.१ मिलिलिटरच्या पावलांनी जायचे. लागोपाठच्या दोन नोंदींत सामू सर्वांत जास्त जिथे उडाला, तो समतुल्यता बिंदू. आपल्या बाटलीत तो २४ वर येईल. त्याचा निम्मा १२, आणि १२ मिलिलिटरसमोर वक्रावर सामू वाचायचा. मापक तिथे ४.७६ ऐवजी बहुधा ४.७ च्या आसपास दाखवतो. तो बिघाड नसतो. पुस्तकातला आकडा अतिविरळ द्रावणासाठीचा असतो, आपल्या द्रावणात सोडियम आणि ॲसिटेटचे आयन दाटीने असतात आणि त्यांच्या परस्पर ओढीने सामू किंचित खाली येतो. पण वाचन ४.२ किंवा ३.९ आले, तर मात्र आम्लाबद्दलच शंका घ्यायला हवी. बेंझॉइक आम्लाचा अर्धा बिंदू ४.२० ला येतो, लॅक्टिक आम्लाचा ३.८६ ला. केवळ या एका वाचनावरून आम्लाचे नाव पक्के करता येत नाही, कारण जवळजवळ सारखे pKa असलेली आम्ले अनेक आहेत. मात्र ते ॲसिटिक आम्ल नाही, एवढे नक्की म्हणता येते.

ही सगळी पद्धत उभ्या भागावर उभी आहे आणि आम्ल फारच सौम्य असेल तर तो भागच उरत नाही. बोरिक आम्लाचा pKa ९.२४. त्याचा बफरचा पट्टा फिनॉल्फ्थॅलीनच्या पट्ट्यावरच येऊन बसतो आणि समतुल्यता बिंदू ११ च्या जवळ जातो, जिथे वक्र जेमतेम वाकतो. गुलाबी रंग अर्धे आम्ल शिल्लक असतानाच दाटू लागतो आणि दुसरा कोणताही दर्शक मदत करू शकत नाही. रसायनशाळेत यावर तोडगा म्हणून बोरिक आम्लात मॅनिटॉल घालतात. मॅनिटॉल बोरिक आम्लाशी बांधले जाऊन बरेच तीव्र आम्ल तयार होते, वक्राचा मधला पट्टा खाली उतरतो, वर उभ्या चढाला जागा मिळते आणि मग फिनॉल्फ्थॅलीन पुन्हा एका थेंबात रंग बदलते. बोरिक आम्लासाठी दर्शक शोधून उपयोग नव्हता, वक्रच बदलावा लागला. म्हणून दर्शकाची बाटली उघडण्याआधी चार बिंदू कागदावर मांडावेत, सुरुवातीचा, अर्ध्या वाटेवरचा, समतुल्यतेचा आणि शेवटचा. दर्शक कोणता हवा, आणि दर्शकाने काम भागणार आहे का, हे तेवढ्या रेघोट्यांवरूनच कळते.